बैठक व्यवस्थेच्या फोटोतून यादी: कामाच्या नोंदी

३ मार्च

धाकट्या बहिणीचा निरोप आला, "ताई, बोर्डावर बैठक व्यवस्था लागली आहे, फोटो पाठवते. वर्गातल्या प्रत्येकाला आपला नंबर पटकन सापडेल अशी यादी करून देशील?" पेपर सहा, आणि प्रत्येक पेपरची बैठक वेगळी लागणार. एका कागदाचंच काम असतं तर मी बसून हाताने टाइप केलं असतं. सहा कागद म्हटल्यावर एकदा नीट रचून ठेवावं असं ठरवलं.

कागद ए-थ्री, आडवा. त्यावर एकच मोठा तक्ता, पण शेजारी शेजारी चार भागांत मोडलेला. प्रत्येक भागात तीन रकाने: रोल नंबर, हॉल, बाक. एका भागात ३० ओळी, शेवटच्या भागात २६, म्हणजे एकूण ११६ ओळी. रोल नंबर सात आकडी, `0412001` पासून `0412124` पर्यंत. बाकाला ओळीचं अक्षर आणि क्रमांक: `A1` ते `D10`. तळाला एक बारीक ओळ आहे: हॉल १०१ मध्ये ४०, १०२ मध्ये ४०, १०३ मध्ये ३६, एकूण ११६. ही तळाची ओळ पुढे किती कामाला येईल ते आज माहीत नव्हतं. आज तर ती मी कातरून टाकली होती.

फोटो मेसेजवरून आला तो १६०० बाय १२०० पिक्सेलचा. मोठा करून आकड्यांची उंची मोजली, तर जेमतेम सात पिक्सेल. सात पिक्सेलांत `3`, `8` आणि `6` यांत माझ्या डोळ्यांनाही फरक दिसत नव्हता. तरीही चित्रातली अक्षरं वाचणाऱ्या टेसरॅक्टवर चालवून पाहिलं. अर्ध्याहून जास्त रोल नंबर चुकीचे, आणि जे बरोबर आले तेही नशिबाने.

बहिणीला सांगितलं, फोटो म्हणून पाठवू नकोस, फाइल म्हणून जोड, म्हणजे तो दाबला जाणार नाही. मूळ फोटो ४००० बाय ३००० चा निघाला. त्यात आकड्याची उंची सतरा-अठरा पिक्सेल भरते. टेसरॅक्टला तीस पिक्सेलच्या आसपासची उंची मानवते, तेव्हा दुपटीने मोठं केलं की जमेल. सात पिक्सेलचे मात्र पाचपट केले तरी व्यर्थ, कारण मोठं केल्याने न टिपलेला तपशील येत नाही.

४ मार्च

फोटो तिरका आहे. बोर्ड उंचावर, बहीण खालून आणि थोडी डावीकडून उभी, म्हणून तक्ता वर निमुळता होत गेलाय. चार कोपरे शोधून आयत सरळ करायचा. कोपरे आपोआप शोधणारा कोड लिहायला घेतला होता, पण दहा मिनिटांत सोडून दिला. सहा फोटो, प्रत्येकाचे चार कोपरे, म्हणजे चोवीस क्लिक. तेवढ्यासाठी बोर्डाची लाकडी चौकट आणि तक्त्याची रेघ यांत गोंधळणारा कोड कशाला सांभाळायचा?

```python
src = np.float32([tl, tr, br, bl])
dst = np.float32([[0,0],[6399,0],[6399,3679],[0,3679]])
M = cv2.getPerspectiveTransform(src, dst)
page = cv2.warpPerspective(img, M, (6400, 3680),
                           flags=cv2.INTER_CUBIC)
```

सरळ करणं आणि दुप्पट मोठं करणं, दोन्ही या एकाच फेरीत उरकलं. आधी सरळ करून मग वेगळं मोठं केलं, तर प्रत्येक फेरीत कडा थोड्या पुसट होतात. कोपऱ्यांचा क्रम मात्र पाळायचा: वरचा डावा, वरचा उजवा, खालचा उजवा, खालचा डावा. पहिल्यांदा मी शेवटचे दोन उलटे दिले, तेव्हा पान मधोमध पिळलेल्या फडक्यासारखं दिसलं. ती चूक निदान लपून राहत नाही.

आणखी एक छोटी गोष्ट. फोटो दर्शकात सरळ दिसत होता, पण पायथनच्या पिलो लायब्ररीने उघडला तर आडवा पडलेला. फोन पिक्सेल फिरवत नाही, "हा फोटो फिरवून दाखवा" अशी चिठ्ठी फाइलीत ठेवतो. वरच्या कोडातल्या ओपनसीव्ही लायब्ररीचं `imread` ती चिठ्ठी वाचतं, पिलोला `ImageOps.exif_transpose` असं सांगावं लागतं. मी कोपरे एकात टिपले होते आणि कापाकापी दुसऱ्यात करत होते. आता सगळीकडे ओपनसीव्हीच.

५ मार्च

पान सरळ झालं, ३१ ओळी (शीर्षकासह), उंची ३६८०. भागिले ३१ केलं की ओळीला साधारण ११९ पिक्सेल. असं समान मापाने कापलं की झालं, असं वाटलं होतं.

पहिला भाग सुरेख कापला गेला. दुसऱ्या-तिसऱ्या भागात पानाच्या मध्याजवळ आकडे खालून कापले जाऊ लागले. खालून कापलेला `8` टेसरॅक्टला `0` वाटला, आणि `0412038` च्या जागी `0412030` आला. कारण शोधायला सरळ केलेल्या पानावर एक खरीखुरी सरळ रेघ ओढून पाहिली. तक्त्याची आडवी रेघ दोन्ही टोकांना तिला चिकटलेली, आणि मध्ये पंचेचाळीस पिक्सेल खाली झुकलेली.

कागद फक्त चार कोपऱ्यांवर टाचलाय, त्यामुळे मध्ये त्याला पोट आलंय. चार कोपऱ्यांचं गणित सपाट कागद गृहीत धरतं. कागद फुगला असेल तर कोपरे बरोबर बसतात आणि मध्य घसरतो. ११९ च्या ओळीत ३५ पिक्सेलचा आकडा मध्यभागी असला, तर वर-खाली बेचाळीस-बेचाळीस मोकळे. पंचेचाळीसने घसरला की सुरी आकड्यावरच.

फुगवटा सपाट करण्याच्या मागे लागले नाही. त्याऐवजी प्रत्येक रकान्याची उभी पट्टी वेगळी घेऊन त्या पट्टीतल्या आडव्या रेघा शोधल्या आणि त्या रेघांवरच कापलं. पट्टी अरुंद असल्याने तिच्यापुरती रेघ जवळपास सरळच असते.

```python
strip = bw[:, x0:x1]        # शाई पांढरी, कागद काळा
k = cv2.getStructuringElement(cv2.MORPH_RECT,
                              ((x1 - x0)//2, 1))
lines = cv2.morphologyEx(strip, cv2.MORPH_OPEN, k)
ys = np.where(lines.sum(axis=1) > 0)[0]
```

रकान्याच्या निम्म्या रुंदीएवढी सलग आडवी शाई असेल तेवढीच उरते, म्हणजे अक्षरं आणि आकडे गळून पडतात आणि रेघा राहतात. जवळजवळचे `ys` एकत्र करून एक रेघ धरायची. तीस ओळींच्या प्रत्येक भागात ३२ रेघा मिळाल्या तर शीर्षकासह ३१ ओळी जमल्या. ३१ रेघा मिळाल्या तर कुठेतरी रेघ पुसट आहे, आणि तिथे दोन ओळी एकाच तुकड्यात येतील. हा आकडा आता आधी तपासते.

काळं-पांढरं करताना सगळ्या पानाला एकच उंबरा चालला नाही, कारण बहिणीची सावली डाव्या अर्ध्यावर पडली आहे. `adaptiveThreshold` ला ५१ चा शेजार आणि १५ चा फरक दिला, सावली निघून गेली.

सावली निघाली, पण चमक नाही. बोर्डाला काच आहे आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब चौथ्या भागावर पडलंय. नवव्या ते चौदाव्या ओळीचे बाक क्रमांक साफ धुऊन गेलेत. पिक्सेलची किंमत तपासली, सगळीकडे २५५. सावलीत माहिती दबलेली असते, तशी इथे दबलेलीही नाही. कॅमेऱ्यापर्यंत ती आलीच नाही.

मोह झाला. आजूबाजूला पाहिलं तर बाकांचा क्रम स्पष्ट दिसतोय: `A1` ते `A10`, मग नागमोडी वळून `B10` ते `B1`, मग `C1` पासून पुढे. त्या सहा ओळी मी डोळे मिटून भरल्या असत्या. पण वाचलेलं आणि अंदाजलेलं एका रकान्यात मिसळायचं नाही, असं ठरवून बहिणीला दुसरा फोटो मागितला. "दोन पावलं उजवीकडे सरकून काढ, म्हणजे चमक दुसरीकडे जाईल."

६ मार्च

दुसरा फोटो आला. चमक आता शीर्षकावर, तिथे ती कुणाला नडत नाही. फक्त त्या सहा ओळींसाठी दुसरा फोटो, बाकी पहिला. यादीत `photo` नावाचा रकाना वाढवला: कुठला तुकडा कुठल्या फोटोतून आला ते कळावं म्हणून.

आता प्रत्यक्ष वाचन. प्रत्येक खण वेगळा कापून एकेक वाचायचा.

```
tesseract cell.png - --psm 7 -c tessedit_char_whitelist=0123456789
```

`--psm 7` म्हणजे चित्रात एकच ओळ आहे असं समजून वाच. दोन गोष्टींनी फरक पडला. कापताना रेघेपासून आठ पिक्सेल आत कापलं, कारण खणात उभ्या रेघेचा तुकडा राहिला की तो `1` म्हणून वाचला जातो. `0412045` चा `10412045` झाला तर लांबीवरून कळतं, पण बाक `A1` शेजारची रेघ ओढून `A11` होतो. दुसरं म्हणजे कापलेल्या खणाभोवती वीस पिक्सेलची पांढरी किनार जोडली. कडेला चिकटलेली अक्षरं टेसरॅक्ट धड वाचत नाही.

रोल नंबरासाठी फक्त आकडे, बाकासाठी `ABCD` आणि आकडे अशी परवानगीची यादी दिली. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र परवानगी असूनही `O` येत होता. तिथे टेसरॅक्टची ४.० आवृत्ती होती, आणि त्यातलं नवं इंजिन ही यादी मुकाट्याने दुर्लक्षित करतं. ४.१ पासून ती पाळली जाते. अर्धा तास गेला.

परवानगीच्या यादीची दुसरी बाजूही दिसली. धूसर `B8` पूर्वी `&8` असा येऊन आपली चूक उघड करायचा. आता तो `88` म्हणून येतो, साळसूद चेहऱ्याने. म्हणून यादीबरोबर आकाराचीही तपासणी हवीच: बाक `^[ABCD]([1-9]|10)$` मध्ये बसला पाहिजे, रोल नंबर सात आकडी आणि `0412` ने सुरू होणारा. या चाळणीत पाच खण अडकले. पाचही तुकडे पडद्यावर मोठे करून हाताने भरले.

७ मार्च

आज हॉलचा रकाना, आणि आजच कळलं की आतापर्यंतचं सगळं सोपं होतं.

हॉलचे खण एकत्र जोडलेले आहेत. चाळीस मुलांसमोर चाळीसदा १०१ लिहिलेलं नाही. एक उंच खण, आणि त्याच्या बरोबर मधोमध एकदाच १०१. पहिल्या भागात पूर्ण तीस ओळींचा एक खण. दुसऱ्या भागात वरच्या दहा ओळी १०१, खालच्या वीस १०२. तिसऱ्यात वरच्या वीस १०२, खालच्या दहा १०३. चौथा सगळा १०३.

मी जे केलं ते कुणीही पटकन करेल. हॉलचा आकडा ज्या ओळीशेजारी दिसला त्या ओळीत लिहिला, आणि खालच्या रिकाम्या ओळींत तोच ओढत नेला. पहिल्या भागाच्या वरच्या पंधरा ओळी रिकाम्या राहिल्या, त्यांच्या वर कुणीच नव्हतं. त्यांत १०१ भरला आणि यादी तयार. एकूण ११६, एकही खण रिकामा नाही, हॉलचे आकडे वाचण्यात टेसरॅक्टची खात्री ९५ च्या वर.

मग कातरून टाकलेली तळाची ओळ आठवली. हॉलनिहाय मोजलं:

```
101   50
102   35
103   31
```

बेरीज ११६ च, पण असायला हवे होते ४०, ४०, ३६. काय झालं ते कागदावर मांडलं. दुसऱ्या भागातला १०२ चा खण अकराव्या ओळीपासून तिसाव्यापर्यंत. त्याचा आकडा छापलाय मधोमध, म्हणजे विसाव्या आणि एकविसाव्या ओळीच्या सीमेवर. मी ओढत आणलेला १०१ विसाव्या ओळीपर्यंत चालत राहिला. अकरा ते वीस, दहा मुलं चुकीच्या हॉलमध्ये. तिसऱ्या भागात तसंच एकवीस ते पंचवीस, आणखी पाच जण १०३ ऐवजी १०२ मध्ये. पंधरा मुलं पेपरच्या दिवशी भलत्याच दारात उभी राहिली असती, आणि एकही अक्षर चुकीचं वाचलेलं नव्हतं.

आकडा कुठे छापलाय याला अर्थ नाही, तो खण कुठून कुठपर्यंत आहे याला आहे, आणि ते रेघा सांगतात. रोल नंबराच्या रकान्यात प्रत्येक ओळीनंतर आडवी रेघ असते. हॉलच्या रकान्यात फक्त खण संपतो तिथेच. परवाचाच रेघा शोधण्याचा तुकडा हॉलच्या पट्टीवर चालवला. दुसऱ्या भागात चारच रेघा मिळाल्या: शीर्षकाच्या वर, शीर्षकाखाली, दहाव्या ओळीखाली आणि तळाला. मग प्रत्येक ओळीच्या मध्याचा `y` कुठल्या दोन रेघांमध्ये पडतो ते बघून हॉल द्यायचा. पुन्हा मोजलं: ४०, ४०, ३६.

तळाची ओळ नसती तर? याच कागदात आणखी एक साक्षीदार आहे. हॉल बदलला की बाक पुन्हा `A1` पासून सुरू होतो. यादीत `A1` तीनदाच यायला हवा, आणि बरोबर हॉल बदलतो त्या ओळीवर. माझ्या चुकलेल्या यादीत दुसरा `A1` हॉल १०१ च्या पोटात बसला होता. आता हीसुद्धा तपासणी कोडात आहे.

८ मार्च

रोल नंबर. ते चढत्या क्रमाने आहेत, पण सलग नाहीत. `001` ते `124` म्हणजे १२४ नंबर आणि ओळी ११६, म्हणजे आठ जण या पेपरला नाहीत. तेव्हा "मागच्यात एक मिळवून जुळतं का" अशी तपासणी आठ खऱ्या जागीही ओरडणार. दोन ओळींमधला फरकच छापून पाहिला:

```
0412066    +1
0412087   +21
0412068   -19
```

वाचनातली चूक अशी दिसते: एक उडी वर, लगेच एक खाली. इथे `0412067` मधला `6` हा `8` म्हणून वाचला गेला. खरा गैरहजर नंबर असेल तर फक्त `+2` येतो आणि गाडी पुढे सरळ चालू लागते, मागे फिरत नाही. ऋण फरक आला की तिथे चूक आहेच. अशा तीन जागा निघाल्या, तिन्ही तुकडे पाहून दुरुस्त केल्या.

टेसरॅक्ट प्रत्येक शब्दाला `conf` हा खात्रीचा आकडा देतं, तेही रकान्यात ठेवलं होतं. चुकलेल्या तिघांपैकी दोघांचं नव्वदीच्या पुढे. आणि साठच्या खाली असलेल्या बऱ्याच खणांत आकडे अगदी बरोबर. धूसर कागदावर `conf` वरून काय तपासायचं ते ठरवलं असतं, तर बरोबर खण तपासत बसले असते आणि चुकलेले सुटले असते. तो रकाना काढून टाकला.

दुरुस्तीनंतर ऋण फरक एकही नाही, `+2` बरोबर आठ. समाधानाने लॅपटॉप मिटणार होते, पण एक शंका डोक्यात राहिली. खऱ्या रिकाम्या जागेला लागूनच चूक झाली तर? समजा खरा क्रम `084, 085, 087` आहे, `086` गैरहजर. `085` मधला `5` जर `6` वाचला गेला तर यादी होते `084, 086, 087`. चढती आहे, ऋण फरक नाही, एकच `+2`. मोजदादही तीच. फक्त चुकीचा मुलगा गैरहजर ठरतो आणि भलत्याच नंबरासमोर बाक येतो.

म्हणजे आठ रिकाम्या जागांच्या दोन्ही बाजूंचे सोळा खण डोळ्यांनी पाहायलाच हवेत. सोळा तुकडे एका चित्रात खाली खाली चिकटवले, शेजारी वाचलेला आकडा. नेमकी शंकेतलीच जागा चुकलेली होती. छापील `0412085`, वाचलेला `0412086`, `5` ची वरची आडवी रेघ पुसट झालेली. `conf` ९३.

सोळा खण पाहायला दोन मिनिटं लागली. ही पायरी कोडात घालण्याच्या फंदात पडले नाही, फक्त ते चित्र आपोआप बनतं आणि पुढचं मी पाहते.

९ मार्च

बाकांचा क्रम नागमोडी आहे, तेव्हा हॉलमधल्या कितव्या ओळीला कुठला बाक यावा हे सूत्राने सांगता येतं.

```python
def seat(n):                 # n शून्यापासून
    r, c = divmod(n, 10)
    return "ABCD"[r] + str(c+1 if r % 2 == 0 else 10-c)
```

वाचलेला बाक आणि सूत्राचा बाक शेजारी ठेवले. १०१ मध्ये दोन ठिकाणी फरक, दोन्ही एकटेदुकटे: `B3` चा `B8` झालेला, `D1` चा `D7`. त्यांच्या पुढच्या-मागच्या ओळी जुळत होत्या. तुकडे पाहिले, वाचनच चुकलं होतं.

१०३ मध्ये मात्र सत्ताविसाव्या ओळीपासून शेवटपर्यंत दहाच्या दहा ओळी जुळेनात. सूत्र म्हणतं `C7`, वाचलेला `C8`. सूत्र `C8`, वाचलेला `C9`. असं शेवटपर्यंत, आणि शेवटी सूत्राच्या `D5` ऐवजी `D4`. दहा ओळी ओळीने एकाच प्रकारे चुकतील असं वाचन कधी करत नाही. छापील कागदच तसा आहे: `C7` वगळलाय. बाक मोडका असेल, खांब आडवा येत असेल, काय असेल ते असो.

एकटा फरक म्हणजे वाचनाची चूक, आणि एका जागेपासून पुढे सरकत गेलेला फरक म्हणजे कागदाचंच म्हणणं. सूत्र ताडून पाहायला वापरते. त्याने काहीही आपणहून बदलायचं नाही, कारण बदलू दिलं असतं तर दहा जण एकमेकांच्या बाकावर बसले असते.

मग परवाच्या त्या चमकेकडे पुन्हा पाहिलं. धुऊन गेलेल्या सहा ओळी होत्या `B2` ते `C4`. वगळलेला बाक त्याच्या तीनच ओळी पुढे. चमक जरा खाली पडली असती आणि मी त्या ओळी अंदाजाने भरल्या असत्या, तर मला कधीच कळलं नसतं.

१० मार्च

यादी बहिणीला पाठवली. पाच मिनिटांत फोन. "ताई, आमच्या सगळ्यांच्या नंबरातला पहिला शून्य कुठे गेला?" सीएसव्ही दोनदा टिचकी मारून उघडली की स्प्रेडशीट रोल नंबराला संख्या समजते, आणि `0412087` चा `412087` होतो. मुलं शोधताना पूर्ण सात आकडी नंबर टाकतात, मग सापडत नाही. फाइल नुसती उघडायची नाही, आयात करायची आणि रोल नंबराचा रकाना मजकूर म्हणून निवडायचा. वर्गातल्या चाळीस जणांना हे समजावण्यापेक्षा मीच रकाना मजकूर ठरवून स्प्रेडशीटची फाइल बनवली.

दुसरी तक्रार क्रमाची. बाकाप्रमाणे लावलं की `A1` नंतर `A10` येतो आणि मग `A2`, कारण तुलना अक्षराअक्षराने होते. कोडात अक्षर आणि संख्या वेगळी केली की भागतं:

```python
rows.sort(key=lambda r: (r["hall"], r["seat"][0],
                         int(r["seat"][1:])))
```

पण यादी उघडणारा स्प्रेडशीटमध्ये स्वतःही क्रम लावणार. म्हणून एक जादा रकाना, `A01`, `A02`, `A10` असा दोन आकडी. छापील बाक जसा आहे तसा शेजारी ठेवला, कारण बाकावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर `A1` असेल, `A01` नाही.

दोन पानं केली. एक रोल नंबराप्रमाणे, ज्याला आपली जागा शोधायचीय त्याच्यासाठी. दुसरं हॉल आणि बाकाप्रमाणे, शेजारी कोण आहे हे बघण्याची हौस असणाऱ्यांसाठी. यादीच्या डोक्यावर सूचनेची तारीख आणि फोटो काढल्याची वेळ लिहिली.

१२ मार्च

दुसऱ्या पेपरचा कागद लागला. साचा तोच, मुलं ९८, दोन हॉलमध्ये चाळीस-चाळीस, तिसऱ्यात अठरा. पण ही विभागणी मला यादीतून मोजून कळली, कारण या कागदावर तळाची बेरजेची ओळच नाही. हॉलच्या रेघा आणि `A1` च्या जागा जुळल्या, तिन्ही ठिकाणी. ऋण फरक दोन, रिकाम्या जागा अनेक, त्यामुळे डोळ्यांनी पाहायचे खण वाढले, बावन्न झाले. सगळे बरोबर होते.

कोपऱ्यांच्या क्लिकपासून यादी पाठवेपर्यंत पंचवीस मिनिटं. त्यातली पंधरा बहिणीने पुन्हा दाबलेला फोटो पाठवला म्हणून गेली.

१३ मार्च

पहिल्या कागदावर आज हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली गेली आहे: हॉल १०३ ऐवजी १०५. बाक तेच. बहिणीने चिठ्ठीचा फोटो पाठवला. तो वाचायला टेसरॅक्ट लागलं नाही. छत्तीस ओळींत हॉल बदलला, जुना हॉल `old_hall` मध्ये ठेवला, आणि डोक्यावरची तारीख बदलून यादी पुन्हा पाठवली. आधीची फाइल काढून टाका असं तिला दोनदा सांगितलं.